मम्मी आली

विनया पाटकर वसई रोडला, पश्चिमेला, एका चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दारावरच्या पाटीवर अजून तिच्या आईचंही नाव आहे. आई जाऊन चार वर्षं झाली. पाटी बदलायची तर एकच नाव उरेल, म्हणून तिने ती बदलली नाही.

वयाच्या बाविसाव्या वर्षापासून विनयाने गिरगावातल्या एका छापखान्यात काम केलं. तिथे शाळा-कॉलेजांची गणिताची पुस्तकं छापली जायची. आधी शिशाचे खिळे जुळवायचे, मग फोटोटाइप, मग कॉम्प्युटर. मालकांनी तिला गणिताच्या टायपिंगचं एक सॉफ्टवेअर शिकायला लावलं. त्यात प्रत्येक चिन्हासाठी एक आज्ञा लिहावी लागते. अपूर्णांकाला वेगळी, वर्गमुळाला वेगळी. तिच्या बरोबरच्या दोघी महिन्याभरात कंटाळल्या. विनया टिकली. बारावीला गणितात तिला जेमतेम पास होण्याइतके मार्क होते, पण तीस वर्षं दुसऱ्यांची समीकरणं टाईप करून तिच्या बोटांना गणित येऊ लागलं होतं. एखाद्या ओळीत उणे चिन्ह राहिलं असलं तर ते तिला आधी खटकायचं आणि का खटकलं ते नंतर कळायचं.

छापखाना बंद झाला तेव्हा ती पंचावन्नची होती. मग आईचं आजारपण आलं. आई होती तोवर दिवस भरलेला असायचा. औषधं, पेज, दुपारी रेडिओ. ती गेल्यावर विनयाला पहिल्यांदा कळलं की आपण दिवसभर कोणाशी बोललोच नाही हे संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना लक्षात येतं, कारण आवाज नीट फुटत नाही. भाऊ पुण्याला होता. तो गणपतीत फोन करायचा.

तालुक्यातल्या काही शिक्षकांनी मिळून एक गणित मंडळ चालवलं होतं, त्याचं काम तिच्याकडे आलं ते शेजारणीच्या ओळखीने. मंडळ दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांना पाच प्रश्न पाठवायचं. मुलांनी ते घरी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन सोडवायचे आणि उत्तरांचे फोटो पाठवायचे. त्यातली निवडक बारा-पंधरा उत्तरं पुस्तिकेत छापली जायची. टायपिंग विनयाचं. मंडळाचे सचिव मेलरॉय सर कॉलेजात गणित शिकवायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला नियम सांगितले होते.

"विनयाताई, शुद्धलेखन सुधारा. खाडाखोड काढून टाका. मुलं एकाच गोष्टीला दोन अक्षरं वापरतात, ते एकसारखं करा. पण पद्धत मुलाचीच राहिली पाहिजे. आपण उत्तरं छापत नाही, मुलांनी उत्तर कसं काढलं ते छापतो."

"समजलं सर," ती म्हणाली होती, आणि तिला खरंच समजलं होतं असं तिला वाटत होतं.

काम डिसेंबरात यायचं आणि फेब्रुवारीत संपायचं. फोटोंच्या प्रिंट काढून ती त्यांवर लाल पेन्सिलीने आकडे घालायची. कुठली ओळ आधी, कुठली नंतर, हा बाण कुठे जातो, ही रेघ खोडण्याची की अधोरेखनाची. मुलं कागदावर जशी विचार करतात तशी लिहितात. अर्धी ओळ इथे, उरलेली मागच्या पानावर, मध्येच चहाचा डाग. त्या पसाऱ्यातून वाट काढताना तिला बरं वाटायचं. घरात कोणी असल्यासारखं वाटायचं.

यंदाच्या तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर होतं नववीतल्या तेजस्वी भोईर नावाच्या मुलीचं. प्रश्न साधा होता: n ही कोणतीही धन पूर्णांक संख्या घ्या, n³ − n ला सहाने नि:शेष भाग जातो हे सिद्ध करा. बहुतेक मुलांनी नेहमीच्या रस्त्याने उत्तर काढलं होतं. n³ − n चे अवयव पाडले की (n − 1), n आणि (n + 1) अशा तीन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार मिळतो. तीन लागोपाठच्या संख्यांत एक तिनाच्या पटीत असतेच आणि निदान एक सम असतेच. म्हणून गुणाकाराला सहाने भाग जातो. हे उत्तर विनयाने आयुष्यात वीसेक वेळा टाईप केलं असेल.

तेजस्वीची तीन पानं होती आणि तिन्ही भयंकर होती. आधी पेनाने लिहिलेलं, त्यावर पेन्सिलीने. पहिल्या पानावर ६, २४, ६०, १२० असे आकडे, त्यांच्याखाली १, ४, १०, २०, आणि या चार आकड्यांभोवती इतक्या वेळा गोल काढलेला की कागद फाटायला आला होता. बाजूला 'ह सु रे', 'ह सु क' अशी अक्षरांची भेंडोळी. दुसऱ्या पानावर चक्क एक रिक्षा काढलेली, तिच्या मागच्या सीटवर तीन गोल डोकी. त्याखाली n, n − 1, n − 2 असं लिहून सगळं खोडलेलं. समासात एक लांबलचक बाण आणि त्याच्या टोकाशी ठळक अक्षरांत 'मम्मी आली'. मग (n + 1) n (n − 1). तिसऱ्या पानाचा फोटो घडीवर काळा पडला होता. शेवटची ओळ तेवढी वाचता येत होती: 'पूर्ण येणारच.'

विनयाला हसू आलं. पोर लिहायला बसली, मैत्रिणींची नावं लिहिली, रिक्षा काढली, तेवढ्यात आई कामावरून आली, तेही लिहून ठेवलं. तिने लाल पेन्सिलीने रिक्षावर फुली मारली, अक्षरांवर मारली, 'मम्मी आली'वरही मारली. उरले ते तीन लागोपाठचे अवयव. पुढचं काय ते तिला पाठ होतं. एकीला तिनाने भाग जातो, एक सम, म्हणून सहा. पाऊण तासात सुरेख अर्धं पान तयार झालं. मेलरॉय सरांनी उत्तर बरोबर आहे म्हणून शेरा दिला आणि टाईप केलेलं पान शाळेमार्फत तेजस्वीकडे गेलं. पानाखाली मंडळाची नेहमीची ओळ होती: 'हे माझेच उत्तर आहे.' त्याखाली मुलाने सही करायची.

आठ दिवसांनी पान परत आलं. सहीची जागा कोरी होती. तिथे किरट्या अक्षरात लिहिलं होतं:

'उत्तर बरोबर आहे. पण हे माझे नाही.'

विनयाला आधी रागच आला. तीस वर्षांत तिच्या कामात कोणी अशी चूक काढली नव्हती. काढली तर अनुस्वाराची, फार तर कंसाची. तिने पान टेबलावर उलटं टाकलं, कुकर लावला, गॅलरीतले कपडे आत आणले. आईच्या खोलीत जाऊन उगाच कपाट आवरलं. कोणाशी तरी बोलावं, कोणाला तरी म्हणावं, बघा हो, असं म्हणाली ती पोरगी. पण म्हणणार कोणाला! तास-दीड तास ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. मग तिने तिन्ही फोटो पुन्हा उघडले, पडद्यावर मोठे केले आणि फुली मारलेल्या जागा वाचायला लागली.

१, ४, १०, २० हे आकडे कुठून आले ते आता लगेच कळलं. n ला २, ३, ४, ५ घेतलं की n³ − n येतो ६, २४, ६०, १२०. त्यांना सहाने भागलं की १, ४, १०, २०. एवढं ठीक. पण मग 'ह सु रे'? तिने अक्षरांच्या जुड्या मोजल्या. प्रत्येकीत तीनच अक्षरं होती. पहिल्या रांगेत ह, सु, रे, क या चार अक्षरांच्या चार तिकड्या. खालच्या रांगेत पाचवं अक्षर आलं होतं आणि तिकड्या होत्या दहा. एक, चार, दहा. हे गिरगटणं नव्हतं. पण पुढे n, n − 1, n − 2 लिहून पोरीने का खोडलं आणि त्या जागी एकदम n + 1 कुठून उपटला, ते काही केल्या लागेना. मधल्या रिकाम्या जागेत फक्त बाण होता, आणि आई घरी आल्याची बातमी.

तिने मेलरॉय सरांना फोन केला. "सर, मला त्या मुलीला भेटायचंय."

"शाळेला कळवतो की. त्यांच्याकडून लिहून मागवू."

"लिहूनच तर आलंय सर. मला वाचता आलं नाही."

शाळेने पत्ता दिला, उमेळ्याचा. रविवारी सकाळी विनया गेली. उमेळ्याला ती कितीतरी वर्षांनी गेली होती. चिकूच्या वाडीला लागून सात मजली इमारत उभी होती आणि वाडीतल्या विहिरीवर इमारतीच्या पाण्याचा पंप बसला होता. भोईरांचं घर आत होतं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात जाळीवर सुकत घातलेली वालाची बी. तेजस्वीची आई हंसा दाराशी आली. पन्नाशीच्या आतली, काटक बाई, हात पिठाने भरलेले.

"कोन पायजे?"

"तेजस्वी. मी गणिताच्या मंडळाकडून आले. तिचं उत्तर मी टाईप केलं."

हंसाने आत वळून हाक मारली, "तेजू! तुझी गनिताची बाय आली गो!" मग पुढे होऊन म्हणाली, "बसा, पानी आनते. पोरगी काय चुकली काय?"

"ती नाही चुकली," विनया म्हणाली. "माझं चुकलंय."

तेजस्वी बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. लांब वेणी, शाळेचाच निळा स्वेटर, चेहऱ्यावर भांडायची तयारी. विनयाने पिशवीतून तिन्ही पानांच्या प्रिंट काढल्या. त्यांवरच्या लाल फुल्या लपवायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिने त्या तशाच अंगणात पसरल्या.

"मॅडम, तुम्ही सगळंच कट केलंत," तेजस्वी म्हणाली.

"हो. आता तू सांग. रिक्षापासून सांग."

तेजस्वी उकिडवी बसली. आधी अडखळत, मग भराभर बोलू लागली. तिची आई वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सकाळी नाक्यावर त्या पाच-सहा जणी जमायच्या आणि स्टेशनपर्यंत रिक्षाने जायच्या. मागच्या सीटवर तिघी.

"लहान असताना मी मम्मीला सोडायला जायची ना नाक्यावर, तर आज कोण कोण एकत्र बसणार ते मी मोजायची. ह म्हणजे हंसा, सु म्हणजे सुनंदामावशी, रे म्हणजे रेखा. तिघी असतील तर एकच जोडणी. चौघी असतील तर चार. पाच जणी असतील तर दहा. ते मला पाठ होतं. मग प्रश्नात सहाने भागलं तर एक, चार, दहा आलं. मी म्हटलं, हे तर आमचे नाक्यावरचे आकडे!"

"मग?"

"मग मी n बाया धरल्या. पहिल्या सीटवर n पैकी कोणीपण. मधे n − 1 पैकी. कडेला n − 2. तिघींचा गुणाकार. पण त्याच तिघी बसायच्या जागा बदलून सहा प्रकारे बसतात, म्हणून सहाने भागायचं." तिने तिसऱ्या पानाच्या काळ्या घडीवर बोट ठेवलं. "हे इथे लिहिलंय. हसुरे, हरेसु, सुहरे असं सहाच्या सहा. फोटोत नाय आलं वाटतं."

"नाही आलं," विनया म्हणाली. "मग खोडलंस का?"

"कारण जुळेना. n तीन घेतलं तर प्रश्नातनं चार येतं आणि माझं एक येतं. सगळं एकाने मागे पडत होतं. लय डोकं खाजवलं मी." ती थोडी हसली. "मम्मी नेहमी उशिरा येते नाक्यावर. बाकीच्या उभ्या असतात आणि ही धावत येते. म्हणून मी म्हटलं, n बाया आधीच उभ्या आहेत आणि मग..."

विनयाने समासातल्या बाणाकडे पाहिलं.

"मम्मी आली," ती म्हणाली.

"हां! मग n + 1 झाल्या. पहिल्या सीटला n + 1, मधे n, कडेला n − 1. त्यांचा गुणाकार म्हणजेच n³ − n. त्याला सहाने भागलं की तिघींच्या किती जोडण्या होतात ते मिळतं. जोडण्या तर पूर्णच असणार ना! अर्धी जोडणी कशी असेल?"

हंसा पाण्याचा तांब्या घेऊन कधीची दारात उभी होती. "म्हंजे मी उशिरा जाते ते आता पुस्तकात छापनार?"

"मम्मी, तू उशिरा आलीस म्हणून तर सुटलं!"

विनया हसली. कितीतरी दिवसांनी असं, आवाज करून. मग तिने वही काढली आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. कुठली ओळ कुठल्या ओळीनंतर. 'जोडणी' म्हणायचं की 'तिकडी'. चौघी आणि पाच जणींच्या याद्या उत्तराचा भाग आहेत की नुसता कच्चा हिशेब. तेजस्वीने विचार करून सांगितलं की याद्या ठेवा, त्यांच्यामुळेच सुचलं. खोडलेला n, n − 1, n − 2 मात्र काढा, तो चुकीचाच होता.

"आणि n एक असेल तर?" विनयाने विचारलं. हा प्रश्न मेलरॉय सर विचारणार हे तिला माहीत होतं.

"म्हणजे एक बाई आणि मम्मी. दोघीच. तिघींची जोडणी होतच नाही, शून्य. शून्याला सहाने भाग जातो की. पण हे मी लिहिलं नव्हतं."

"मग ते तुझ्या उत्तरात मी घालणार नाही. वेगळं सांगेन."

निघताना हंसाने तिला वालाची बी बांधून दिली. "घरी कोन कोन असतं?" तिने सहज विचारलं.

"मी असते," विनया म्हणाली.

हंसाने पुडी सोडली आणि आणखी एक मूठ टाकून ती पुन्हा बांधली. एकट्या बाईला एवढे वाल कशाला, हे दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.

घरी येऊन विनयाने जुनी फाइल पुसून टाकली. सुरुवातीपासून टाईप केलं. वाक्यं सरळ केली, 'बसनार'चं 'बसणार' केलं, कुठे 'बाया' आणि कुठे 'लेडीज' होतं ते सगळीकडे 'बाया' केलं. तिकड्यांच्या याद्या दोन रांगांत नीट मांडल्या. सहा क्रमांचा छोटा तक्ता केला, घडीत गेलेला. बाणाच्या जागी काय घालायचं यावर ती बराच वेळ अडली. 'आता समजा, आणखी एक व्यक्ती आली' असं तिने लिहिलं. वाचलं. ते बरोबर होतं आणि तेजस्वीचं नव्हतं. तिने ते पुसलं आणि लिहिलं: 'नाक्यावर n बाया उभ्या आहेत. मग मम्मी आली. आता n + 1 बाया झाल्या.'

मेलरॉय सरांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "विनयाताई, फार सुंदर आहे हो हे. मी वाचलंच नव्हतं नीट. शेरा देताना तुमचं पान बघितलं, तिचं नाही. माझीच चूक. पण दीड पान झालंय. आपल्याकडे जागा एक पान."

"मग काय करू या?"

"एक उपाय आहे. तिने जे मोजलंय त्याला गणितात चिन्ह आहे. n + 1 मधून तीन निवडण्याचे प्रकार. वर n + 1, खाली तीन, एका कंसात. दोन ओळींत होतं सगळं. कल्पना तीच राहते."

विनयाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मेलरॉय सरांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. खरं तर कोणालाच उलट बोलायची तिला सवय नव्हती.

"सर, ते चिन्ह तिला माहीत नाही. ते अकरावीत येतं. आपण ते घातलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हिला सूत्र पाठ होतं म्हणून जमलं. ती संख्या पूर्ण का असते हे तिने स्वतः दाखवलंय. सीटवर बसवून. ते गेलं तर उरलं काय?"

मग सर म्हणाले, "रिक्षा तरी काढू या? 'n + 1 वस्तू' म्हणू. शिक्षकांना जरा..."

"वस्तू उशिरा येत नाहीत सर."

मेलरॉय सर मोठ्याने हसले. विनयाला स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटलं. तिने हे म्हणायचं ठरवलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, "दुसऱ्या एका उत्तराची आकृती लहान करतो. बसवा दीड पानात. पण खाली माझ्या नावाने टीप टाका: n एक असताना जोडण्या शून्य, आणि या संख्येला गणितात अमुक चिन्ह आहे. तिच्या उत्तराला हात न लावता."

"टीप रेघेखाली घालते. लहान टाइपात."

पान पुन्हा उमेळ्याला गेलं. या वेळी दोनच दिवसांत परत आलं. 'हे माझेच उत्तर आहे' या ओळीखाली तेजस्वीची सही होती आणि सहीशेजारी तिने एवढीशी रिक्षा काढली होती. विनयाने ती स्कॅन केली नाही. पान मात्र तिने मंडळाच्या फाइलीत न लावता स्वतःच्या खणात ठेवलं, आणि मंडळाला त्याची झेरॉक्स दिली.

पुस्तिकेचं प्रकाशन फेब्रुवारीत एका शाळेच्या सभागृहात झालं. हंसाला सुट्टी मिळाली नव्हती. मेलरॉय सरांनी तेजस्वीला फळ्याजवळ बोलावून उत्तर समजावून सांगायला लावलं. तिने खडूने सीट काढली, तीन गोल काढले. "मग मम्मी आली," असं तिने म्हटल्याबरोबर सगळं सभागृह हसलं. ती थांबली, हसणं ओसरू दिलं आणि n पुढे अधिक एक लिहिला. मग मागे बसलेले गणिताचे मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी 'अरे!' असं म्हणालं. सातव्या रांगेतून विनयाला ते ऐकू आलं. टाळ्या तिने जरा उशिरा वाजवल्या, कारण हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

नंतर तेजस्वीभोवती शिक्षकांची, मैत्रिणींची गर्दी झाली. विनया थोडा वेळ खुर्च्यांच्या रांगेशी थांबली. तिकडे जावं, असं वाटत होतं. जाऊन म्हणायचं काय, ते सुचत नव्हतं. पोरीने एकदा मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं खरं. ती तिलाच शोधत होती की आणखी कोणाला, कोण जाणे. तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी तिला ओढून नेलं. विनयाने दारातून पुस्तिकेची एक प्रत घेतली आणि ती घरी चालत आली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे तिचं नाव होतं, त्यात एक वेलांटी चुकली होती. ते पान तिने टाईप केलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षापासून तिने कामाची रीत बदलली. उत्तर टाईप करायच्या आधी ती मेलरॉय सरांकडून शाळेचा किंवा घरचा नंबर मागून घेते आणि मुलाला फोन लावते. "मी विनया पाटकर. तुझं उत्तर टाईप करतेय. दुसऱ्या पानावर तू एक मासा काढलायस, तो कशाचा?" मुलं आधी गोंधळतात, मग बोलायला लागली की थांबत नाहीत. कळंबच्या एका मुलाने तिला पाऊण तास जाळ्याची भोकं मोजून दाखवली होती, फोनवर. कधी मासा म्हणजे नुसता मासाच असतो. तेव्हा ती त्याच्यावर फुली मारते, पण विचारून.

डिसेंबर, जानेवारी हे दोन महिने घरात असे आवाज असतात. तिसऱ्या मजल्यावरून तिचं हसणं खाली जिन्यात ऐकू येतं, असं शेजारीण म्हणते. पुस्तिका छापायला गेली की फोन पुन्हा शांत होतो. मुलांनी नंतर तिला फोन करावा असं काही नाही; त्यांचं उत्तर झालेलं असतं. पहिल्या आठवड्यात ती सवयीने टेबलापाशी जाऊन बसते, पेन्सिलीला टोक काढते. मग उठते आणि वाल भिजत घालते, एक वाटी. जास्त होतात, हे तिला माहीत असतं.